उच्च रक्तदाब योजनेचे लॉजिक मॉडेल आणि ६२ टक्क्यांचा छेद

प्रश्न: आमची उच्च रक्तदाब नियंत्रण योजना प्राथमिक आरोग्य केंद्रांतून दीड वर्ष चालू आहे. मूल्यमापनासाठी लॉजिक मॉडेल करायचे आहे. तपासण्या, नोंदणी झालेले रुग्ण, वाटलेल्या गोळ्या यांपैकी इनपुट कोणते, प्रक्रिया कोणती, आउटपुट आणि आउटकम कोणते? मासिक अहवालात ‘६२ टक्के रुग्णांचा रक्तदाब नियंत्रणात’ असे येते. ते आउटकम म्हणून चालेल का?

उत्तर:

६२ टक्के हा आकडा आउटकमच्याच जातीचा आहे, पण तो कोणाच्या ६२ टक्के आहे हे कळेपर्यंत मूल्यमापनाच्या अहवालात घालू नये. त्याच्याकडे नंतर येतो. लॉजिक मॉडेल म्हणजे इनपुट, प्रक्रिया, आउटपुट आणि आउटकम हे चार खण बाणांनी जोडून दाखवणारे चित्र. त्या चार खणांचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे, तो आधी निकालात काढू.

मी प्रत्येक निर्देशकाला एकच प्रश्न विचारतो: रुग्णामध्ये काहीही बदल न होता हा आकडा वाढू शकतो का? वाटलेल्या गोळ्यांचा आकडा वाढू शकतो, कारण गोळ्या घरी नेऊन फडताळात ठेवल्या तरी वाटप पूर्णच धरले जाते. नोंदणी झालेल्या रुग्णांचा आणि तपासलेल्या लोकांचा आकडाही तसाच वाढू शकतो. म्हणून हे तिन्ही आउटपुट, म्हणजे योजनेच्या हातून पुरे झालेले काम. रक्तदाब १४०/९० च्या खाली आलेल्यांचा आकडा मात्र रुग्णाच्या शरीरात काही घडल्याशिवाय वाढत नाही (किंवा नोंदीत लबाडी झाल्याशिवाय, तेही पुढे पाहू), म्हणून तो आउटकम. ते काम करण्यासाठी जे लागले ते इनपुट: प्रशिक्षित परिचारिका, चालू स्थितीतील यंत्रे, दंडाला गुंडाळायचे लहान-मोठ्या मापाचे कफ, औषधांचा साठा. आणि काम कसे झाले ते प्रक्रिया: मापनापूर्वी रुग्णाला पाच मिनिटे बसवले का, दोन वेळा मोजले का, रक्तदाब आटोक्यात नसताना डॉक्टरांनी उपचार-क्रमाप्रमाणे पुढचा टप्पा घेतला का.

नोंदणी प्रक्रियेत की आउटपुटमध्ये, यावर तुमच्या बैठकीत वाद होईल. आरोग्यसेवेच्या गुणवत्तेचा विचार करणारी मंडळी अवेदिस डोनाबेडियन यांनी १९६६ साली मांडलेल्या रचना-प्रक्रिया-परिणाम या तीन भागांत विचार करतात, आणि त्यात आउटपुटचा वेगळा खणच नाही. प्रकल्प-व्यवस्थापनाकडून आलेल्यांना तो हवाच असतो. एकदा ठरवा, व्याख्या लिहून ठेवा आणि पुढे चला. खण चुकल्याने मूल्यमापन बिघडत नाही. ते बिघडते ते खणांमधल्या बाणांकडे दुर्लक्ष केल्याने आणि छेद चुकल्याने.

आता ६२ टक्के. तुमचे मूळ आकडे माझ्याकडे नाहीत, म्हणून सोयीचे आकडे घेतो. जानेवारी ते मार्च या तिमाहीत ६०० रुग्णांची नव्याने नोंदणी झाली. या गटाकडे जुलै ते सप्टेंबरच्या तिमाहीत पुन्हा पाहायचे. त्या तीन महिन्यांतील शेवटच्या भेटीत २४० जणांचा रक्तदाब नियंत्रणात होता, म्हणजे वरचा आकडा १४० पेक्षा कमी आणि खालचा ९० पेक्षाही कमी. १५० जण आले, पण रक्तदाब चढलेलाच होता. ३० जण आले, औषधे घेऊन गेले, पण कार्डावर रक्तदाबाची नोंदच नाही. उरलेले १८० जण त्या तिमाहीत फिरकलेच नाहीत.

मासिक अहवाल बहुधा असा बनतो: ज्यांचा रक्तदाब मोजला गेला ते ३९०, त्यांपैकी २४० नियंत्रणात, म्हणून सुमारे ६२ टक्के. पण ज्या ६०० जणांना योजनेने हाती घेतले त्यांच्यापैकी नियंत्रणात आलेले ४० टक्केच आहेत. पहिल्या आकड्याची खोड अशी की रुग्ण जितके जास्त गळतील तितका तो सुधारू शकतो, कारण गळणाऱ्यांत औषधे सोडलेले पुष्कळ असतात आणि ते छेदातूनच नाहीसे होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘हार्ट्स’ पद्धतीत सहा महिन्यांपूर्वी संपलेल्या तिमाहीत नोंदवलेले सर्व रुग्ण छेदात धरतात, ते याच कारणासाठी. न आलेला रुग्ण तिथे ‘नियंत्रणात नाही’ असा मोजला जातो. केंद्रांवरील लोकांना हे अन्यायाचे वाटते, आणि मृत्यू पावलेल्या किंवा दुसऱ्या केंद्रात गेलेल्या रुग्णांबाबत त्यांचे म्हणणे रास्तही आहे. अशांना वगळायचे की नाही हा नियम आकडे पाहण्यापूर्वीच लिहून ठेवावा आणि त्यांची संख्या वेगळी दाखवावी.

याच्याही पलीकडे एक तिसरा छेद आहे. योजनेच्या क्षेत्रात सर्वेक्षणानुसार उच्च रक्तदाबाचे अंदाजे १२,५०० प्रौढ आहेत, एकूण नोंदणी ४,००० आहे आणि त्यांपैकी १,६०० नियंत्रणात आहेत असे धरा. नोंदणी झालेल्यांत हे प्रमाण ४० टक्के असले, तरी सर्व बाधितांत ते १३ टक्क्यांच्याही खाली आहे. हे तीनही आकडे खरे आहेत. पहिला आलेल्यांवर उपचार कसा लागू पडतो हे सांगतो, दुसरा योजना रुग्ण टिकवून कितपत बरे काम करते हे, आणि तिसरा समाजात काय फरक पडला हे. मॉडेलच्या आउटकम खणात दुसरा आणि तिसरा हे दोन्ही घ्यावेत. पहिला फक्त निदानासाठी जवळ ठेवावा.

लॉजिक मॉडेलचा खरा उपयोग इथून पुढे सुरू होतो. ४० टक्केच का, हे विचारत बाणांवरून उलटे मागे जायचे. आधी ते १५० जण घ्या, जे आले पण नियंत्रणात नव्हते. त्यांची तीस-चाळीस कार्डे यादृच्छिक पद्धतीने काढून प्रत्येक चढत्या नोंदीसमोर पाहा, औषध वाढवले होते का. बहुतेक कार्डांवर महिन्यामागून महिना ‘तेच चालू’ लिहिलेले दिसले, तर अडचण रुग्णात नसून प्रक्रियेत आहे. म्हणून प्रक्रियेचा माझा सर्वांत आवडता निर्देशक हाच: रक्तदाब नियंत्रणात नसलेल्या भेटींपैकी किती भेटींत मात्रा वाढवली किंवा दुसरे औषध जोडले. झालेल्या प्रशिक्षणांची संख्या मोजण्यापेक्षा हा शंभरपट बोलका आहे.

पण तिथेच डॉक्टरांवर ठपका ठेवून थांबू नये. एका योजनेत आम्ही तसे केले होते आणि मग औषध भांडाराची साठा-नोंदवही उघडल्यावर खजील झालो. अॅम्लोडिपिनची मागणी ‘एक रुग्ण, रोज पाच मिलिग्रॅमची एक गोळी’ या हिशेबाने जात होती. मात्रा दहा मिलिग्रॅम केली की रुग्णाला रोज दोन गोळ्या लागतात. म्हणजे डॉक्टरांनी उपचार-क्रम नीट पाळला असता, तर साठा महिना संपायच्या आतच संपला असता. हे ओळखून औषधनिर्माता तीस दिवसांऐवजी पंधरा दिवसांच्या गोळ्या देत होता आणि डॉक्टर मात्रा वाढवत नव्हते. पंधरा दिवसांनी पुन्हा मजुरी बुडवून येणे ज्यांना परवडले नाही, ते न येणाऱ्यांच्या यादीत गेले. मॉडेलच्या चित्रात मात्र इनपुटच्या खणात ‘औषधे: उपलब्ध’ अशी नोंद होती, आणि भांडारात गोळ्या होत्या म्हणून ती खोटीही नव्हती.

तेव्हापासून औषधाचा निर्देशक मी ‘उपलब्ध आहे किंवा नाही’ असा ठेवत नाही. गेल्या तिमाहीत ते औषध किती दिवस शून्यावर होते, आणि सध्याचा साठा नोंदलेल्या रुग्णांच्या चालू मात्रेप्रमाणे किती दिवस पुरेल, असे दोन आकडे घेतो. त्यासोबत, पूर्ण तीस दिवसांची औषधे मिळालेल्या भेटींचे प्रमाण आउटपुटमध्ये ठेवतो. वाटलेल्या एकूण गोळ्यांच्या आकड्यात हे काहीच दिसत नाही.

आता कंसातल्या लबाडीविषयी. नियंत्रणाचा आकडा केंद्राच्या कामगिरीशी जोडला की नोंदवहीत १३८ चे पीक येते. मी पानामागून पान १३८ आणि १३६ पाहिले आहे, जिथे १४० ते १४६ या पट्ट्यात शोधूनही नोंद सापडत नव्हती. हे ओळखणे सोपे आहे: वरच्या आकड्याच्या शेवटच्या अंकांची मोजदाद करा. स्वयंचलित यंत्राने मोजले असेल तर शून्य ते नऊ प्रत्येक अंक साधारण दहा टक्के वेळा यायला हवा. हाताने मोजण्याच्या यंत्रावर दोन-दोनच्या खुणा असल्याने पाच सम अंकांपैकी प्रत्येक साधारण वीस टक्के वेळा यावा. शून्याचा अतिरेक दिसला तर तो बहुधा घाईचा आणि आळसाचा असतो. १४० च्या अगदी खाली ढीग आणि लगेच वर खड्डा असेल तर कारण वेगळे समजावे. अशा केंद्रांवर दुसऱ्या व्यक्तीकडून थोड्या रुग्णांचे पुन्हा मापन करून घ्यावे.

आणखी एक सापळा प्रामाणिक नोंदींतही असतो. एकाच दिवशीच्या चढत्या मापनावरून नोंदणी केली असेल, तर पुढच्या वेळी अनेकांचा रक्तदाब औषधाशिवायही खाली दिसतो, कारण त्या दिवशी तो योगायोगाने चढलेला होता. ‘सरासरी रक्तदाब इतका घटला’ या वाक्यात ही आपोआपची घट मिसळलेली असते. दोन वेगवेगळ्या दिवशी मोजून मग नोंदणी हा नियम पाळला गेला का, हे प्रक्रियेत तपासा. योजनेमुळेच फरक पडला असे म्हणायचे असेल तर तुलनेला काहीतरी लागते. योजना टप्प्याटप्प्याने सुरू झाली असेल, तर उशिरा सुरू झालेली केंद्रे त्यासाठी कामी येतात. नुसते मॉडेल काढल्याने कार्यकारण सिद्ध होत नाही.

पक्षाघात आणि हृदयविकाराचे मृत्यू मॉडेलच्या उजव्या टोकाला जरूर लिहा, पण दीड वर्षाच्या मूल्यमापनात त्यांचा निर्देशक ठेवू नका. काही केंद्रांच्या क्षेत्रात त्यांची वार्षिक संख्या लहान असते आणि ती नुसत्या योगायोगानेही वर-खाली होते. एखाद्या चांगल्या वर्षाचे श्रेय घेतलेत तर पुढच्या वाईट वर्षाचा दोषही घ्यावा लागेल.

तुमच्या अहवालातील ते वाक्य मी असे लिहीन: ‘जानेवारी ते मार्चमध्ये नोंदवलेल्या ६०० रुग्णांपैकी २४० जणांचा (४० टक्के) रक्तदाब जुलै ते सप्टेंबरमधील शेवटच्या भेटीत १४०/९० च्या खाली होता, १५० जणांचा नव्हता, ३० जणांची नोंद नाही आणि १८० जण आले नाहीत.’ आकडे अर्थात तुमचे घाला. ते तिमाही गट कार्डांवरून हाताने काढायला एका केंद्राला एखादा दिवस लागतो, आणि पहिल्या खेपेला ‘नोंद नाही’चा आकडा अपेक्षेपेक्षा मोठा निघतो. तो लपवू नका, कारण पुढच्या तिमाहीत सर्वांत लवकर सुधारता येण्यासारखा तोच असतो.