पहिल्या धावेचा हिशोब

प्रिय धावपटूस,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र मिळाले आणि दहा-चाळीस-पाच अंतराच्या ड्युएथलॉनसाठी, म्हणजे धाव-सायकल-धाव अशा शर्यतीसाठी, तू नाव नोंदवलेस हे वाचून आनंद झाला. पहिल्या १० किलोमीटरमध्ये शक्य तेवढी आघाडी घ्यायची, मग ४० किलोमीटर सायकलवर थोडा दम खायचा आणि शेवटचे ५ किलोमीटर जमतील तसे धावायचे, असा बेत तू कळवला आहेस. सायकलवर दम खाता येईल, हे त्यातले गृहीतकच चुकीचे आहे आणि ते का चुकीचे आहे ते सविस्तर लिहितो.

ट्रायथलॉनमध्ये पोहताना मुख्य काम हात, खांदे आणि पाठ करतात, त्यामुळे सायकलवर बसताना पाय बऱ्यापैकी ताजे असतात. ड्युएथलॉनमध्ये तिन्ही टप्प्यांचा भार एकाच जोडीवर पडतो, ती म्हणजे तुझे दोन पाय. धावताना प्रत्येक पाऊल जमिनीवर टेकते तेव्हा मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचे वजन झेलतो आणि अशा झेलण्याने स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. वेग वाढला की हा मार वाढतो. पुढे पेडल दाबायलाही हाच स्नायू लागतो. त्यातच जोरात धावताना स्नायूंमधला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा भराभर खर्च होतो. दमलेला श्वास दोन-चार मिनिटांत पूर्ववत होईल, पण संपलेले ग्लायकोजेन आणि दुखावलेला स्नायू त्याच शर्यतीत भरून येत नाही.

आता तुझेच आकडे घेऊ. ताज्या पायांनी तू १० किलोमीटर ५० मिनिटांत, म्हणजे दर किलोमीटरला ५ मिनिटे या वेगाने धावतेस. समजा, शर्यतीतही तू तेच केलेस. मग सायकलवर एरवीचा ताशी ३० किलोमीटरचा वेग २९ वर उतरला, तर ४० किलोमीटरला ८२ मिनिटे ४६ सेकंद लागतील, आणि शेवटचे ५ किलोमीटर ५:५० च्या वेगाने झाले तर २९ मिनिटे १० सेकंद. एकूण १६१ मिनिटे ५६ सेकंद. याउलट पहिली धाव ५:१५ च्या वेगाने ५२ मिनिटे ३० सेकंदांत केलीस, सायकल ताशी ३० ने ८० मिनिटांत आटोपली आणि शेवटची धावही ५:१५ नेच २६ मिनिटे १५ सेकंदांत झाली, तर एकूण वेळ १५८ मिनिटे ४५ सेकंद होतो. पहिल्या धावेत अडीच मिनिटे सोडूनही अखेरीस तीन मिनिटांहून अधिक हाती लागतात. सायकलवरची घसरण मी मुद्दाम ताशी एकच किलोमीटर धरली आहे. उन्हाचा तडाखा असेल किंवा रस्त्यात चढ असतील, तर ती याहून मोठी असते.

तेव्हा पहिल्या धावेसाठी तुझ्या ताज्या १० किलोमीटरच्या वेगापेक्षा दर किलोमीटरला साधारण १५ सेकंद सावकाश, हे माप धर. पहिला किलोमीटर ५:२५, दुसरा ५:२०, आणि उरलेले आठ ५:१३ च्या आसपास झाले की सरासरी ५:१५ वर येते. खरी कसोटी पहिल्या किलोमीटरलाच आहे, कारण सुटण्याच्या रेषेवर तुझ्याबरोबर रिले संघांतले धावपटूही उभे असतील. त्यांना १० किलोमीटर धावून साथीदाराकडे वेळ नोंदवणारी चिप सोपवायची आणि बाजूला बसायचे असते. कमी अंतराच्या गटातले स्पर्धक त्याच वेळी सुटत असतील तर त्यांना त्याच्या निम्मेच धावायचे असते. तुझ्या पुढे धावणारी व्यक्ती कोणती शर्यत धावते आहे हे पाठीकडून पाहून कळत नाही, म्हणून तिच्या वेगाला आपला वेग बांधू नकोस.

या टप्प्यात घड्याळावरच्या हृदयगतीवरही फार विसंबू नकोस. हृदयगती चढायला दोन-तीन मिनिटे लागतात, त्यामुळे वेग जास्त झाला असला तरी सुरुवातीला आकडा शांतच दिसतो. क्षणाक्षणाचा वेगही झाडांखाली आणि उंच इमारतींजवळ उड्या मारतो. घड्याळात चालू लॅपची सरासरी दिसेल अशी व्यवस्था कर. माझा अधिक भरवसा श्वासावर आहे. दोन किलोमीटर झाल्यावर पाच-सहा शब्दांचे वाक्य एका दमात बोलता आले पाहिजे. दोन शब्दांनंतर थांबावे लागले तर घड्याळ काहीही सांगो, तू वेगात आहेस. शेवटच्या किलोमीटरला जोर लावण्याचा मोहही टाळ. संक्रमण क्षेत्रात आल्यावर सायकल रॅकवरून काढण्याआधी हेल्मेटचा पट्टा लावणे बंधनकारक असते, आणि धापा टाकत आलेल्या माणसाला तो पट्टाच सापडत नाही. सेकंद वाचवायला गेलेली माणसे तिथे ते गमावताना मी नेहमी पाहतो.

सायकलवर बसल्यावरची पहिली दहा मिनिटे हलका गिअर ठेवून, मिनिटाला ९० च्या आसपास पेडल फिरवत घालव. सायकलवर हृदयगती सहसा धावण्यापेक्षा पाच-दहा ठोक्यांनी कमी असते. दहा मिनिटांनंतरही ती खाली आली नाही, किंवा किरकोळ चढावर मांड्या जड वाटू लागल्या, तर पहिली धाव जास्त झाली असे समज आणि तिथेच वेग थोडा उतरव. त्या वेळी हट्टाने ३० गाठायला गेलीस तर शेवटची धाव हातची जाईल. श्वास स्थिरावल्यावर, साधारण पंधराव्या मिनिटाच्या सुमारास, पहिली एनर्जी जेल पाण्याबरोबर घे. फार जोरात धावून आलेल्याचे पोट ती नीट स्वीकारत नाही, हाही अतिवेगाचाच एक परिणाम.

दुसऱ्या धावेच्या आरंभी एक चकवा असतो. तासभराहून अधिक वेळ ताशी ३० च्या वेगाने रस्ता मागे पडताना पाहिल्यामुळे धावण्याचा वेग असतो त्यापेक्षा कमी भासतो, आणि पुष्कळ जण नकळत पहिलाच किलोमीटर ताणतात. पोटऱ्यांत गोळे येतात ते बहुधा इथेच. तेव्हा पावले आखूड ठेव, लॅपची सरासरी पाहा, आणि जोर लावायचाच असेल तर तो तिसऱ्या किलोमीटरनंतर लाव.

या सल्ल्याला एक मर्यादा आहे, ती आधीच सांगून ठेवतो. तुझ्या शर्यतीत ड्राफ्टिंगला, म्हणजे पुढच्या सायकलच्या आडोशाने जाण्याला, मनाई आहे, म्हणूनच हा हिशोब लागू पडतो. जिथे ड्राफ्टिंगला परवानगी असते तिथे पहिल्या धावेत गट सुटला की ४० किलोमीटर एकट्याने वारा कापावा लागतो, आणि तेव्हा थोडे जास्त धावूनही गटाला चिकटून राहणे शहाणपणाचे ठरते. नियमपत्रिका नीट वाचून याची खात्री करून घे.

शर्यतीच्या तीन आठवडे आधी, सकाळी लवकर, ५ किलोमीटर ५:१५ ने धाव, लगेच २० किलोमीटर सायकल शर्यतीच्या वेगाने चालव आणि उतरताच अडीच किलोमीटर धाव. शेवटच्या धावेचा वेग पहिल्यापेक्षा दर किलोमीटरला दहा सेकंदांहून अधिक घसरला, तर शर्यतीसाठी ५:२० धरावे लागेल. तिन्ही टप्प्यांच्या वेळा आणि सायकलच्या दहाव्या मिनिटाची हृदयगती मला कळव, म्हणजे अंतिम वेग आपण मिळून ठरवू.

तुझा,
मार्गदर्शक