एकीकडे फुटलेला पासवर्ड दुसरीकडे कसा चालतो?

प्रश्न : माझा पासवर्ड सोळा अक्षरांचा आहे, त्यात अंक आणि चिन्हेही आहेत. तोच सगळीकडे वापरला तर काय बिघडते?

लांब आणि किचकट पासवर्ड अंदाजाने ओळखता येत नाही, हे खरे. पण क्रेडेन्शियल स्टफिंग या हल्ल्यात अंदाज बांधावाच लागत नाही. एका संकेतस्थळावरून चोरलेल्या ईमेल-पासवर्डच्या जोड्या घ्यायच्या आणि प्रोग्रॅमकरवी त्या जशाच्या तशा दुसऱ्या संकेतस्थळांच्या लॉगिन पानांवर टाकून पाहायच्या, एवढाच हा उद्योग आहे. त्यामुळे तुम्ही पासवर्ड किती जपता याला फारसे महत्त्व उरत नाही. तो ज्यांना ज्यांना दिला, त्यांतल्या सर्वांत ढिसाळ कंपनीने तो कसा साठवला, यावर तुमची सगळी खाती अवलंबून राहतात. २००९ मध्ये रॉकयू या कंपनीकडून सुमारे ३ कोटी २० लाख पासवर्ड चोरीला गेले आणि ते सर्व सरळ वाचता येतील असेच ठेवलेले होते. अशा ठिकाणी सोळा अक्षरी पासवर्डही चार अक्षरी पासवर्डाइतकाच उघडा पडतो.

प्रश्न : काही वेळा चुकीचा पासवर्ड टाकला की खाते लॉक होते. मग हे लोक लाखो प्रयत्न करतात तरी कसे?

ती मर्यादा एकाच खात्यावर होणाऱ्या वारंवार प्रयत्नांसाठी असते. इथे प्रत्येक खात्यावर बहुधा एकच प्रयत्न होतो आणि तोही दर वेळी वेगळ्या आयपी पत्त्यावरून. समजा, हल्लेखोराकडे १० लाख जोड्या आहेत आणि हजारात एकच जोडी लागू पडली. तरी १,००० खाती त्याच्या हाती येतात आणि उरलेल्या ९ लाख ९९ हजार अपयशांचा खर्च नगण्य असतो. कंपनीने लक्ष ठेवले, तर फसलेल्या लॉगिनचे प्रमाण एकाएकी वाढलेले दिसते आणि ज्या ईमेलचे खातेच तिथे नाही, अशा नावांनीही प्रयत्न होताना दिसतात. खातेदाराला मात्र काहीच खटकत नाही, कारण त्याच्या खात्यात पहिल्याच प्रयत्नात, बरोबर पासवर्डाने प्रवेश झालेला असतो.

प्रश्न : माझ्या त्या खात्यात ना पैसे आहेत, ना कार्डाचा नंबर. कोणी घुसलेच तरी त्याला काय मिळणार?

ट्वेंटीथ्री अँड मी या जनुकीय चाचणी करणाऱ्या अमेरिकी कंपनीचे प्रकरण याच दृष्टीने पाहण्यासारखे आहे. २०२३ मध्ये एप्रिलच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत हल्लेखोर तिथे इतरत्र फुटलेले पासवर्ड वापरून पाहत होते आणि सुमारे १४,००० खाती त्यांना उघडता आली. पण या सेवेत डीएनए जुळणारे नातेवाईक एकमेकांना दिसण्याची सोय होती. त्यामुळे एका उघडलेल्या खात्यातून कित्येक दूरच्या नातलगांची नावे, नाते आणि किती टक्के डीएनए जुळतो ही माहिती खरवडून काढता आली. अखेरीस सुमारे ६९ लाख लोकांची माहिती बाहेर गेली. त्यांतल्या बहुतेकांच्या पासवर्डाला कोणी हातही लावला नव्हता.

कंपनीच्या वकिलांनी पुढे जुनेच पासवर्ड वापरणाऱ्या ग्राहकांना बोल लावला. मला तो अर्धाच पटतो : दुहेरी पडताळणी तोवर ऐच्छिक होती आणि महिनोन्महिने चाललेला हल्ला कंपनीच्याही लक्षात आला नव्हता. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिने ही पडताळणी सर्वांना सक्तीची केली.

प्रश्न : मूळ पासवर्ड एकच ठेवून मी शेवटी त्या त्या साइटचे नाव जोडतो. एवढे पुरेल ना?

नाही. फुटलेल्या यादीत तो शब्द पाहणाऱ्याला तुमची पद्धत तत्काळ कळते आणि असे बदल आपोआप करून पाहणारे प्रोग्रॅमही आहेत.

प्रश्न : पासवर्ड फुटला आहे का, हे तपासायला तोच पासवर्ड तिसऱ्याच साइटवर टाकायचा? हा तर उलटा धोका झाला!

शंका रास्त आहे आणि अनोळखी साइटवर तो टाकूच नये. `haveibeenpwned.com` या सेवेने मात्र यावर चांगला तोडगा काढला आहे. तुमच्या ब्राउझरमध्येच पासवर्डाचा एसएचए-१ हॅश, म्हणजे ठरावीक गणिताने तयार होणारी अंक-अक्षरांची ठरावीक लांबीची ओळ, काढला जातो आणि त्याची फक्त पहिली पाच अक्षरे सेवेकडे जातात. उदाहरणार्थ, `password` या शब्दाचा हॅश असा आहे :

```
5BAA61E4C9B93F3F0682250B6CF8331B7EE68FD8
```

यातले `5BAA6` एवढेच बाहेर जाते. त्यापासून सुरू होणाऱ्या शेकडो हॅशांचे उरलेले भाग परत येतात आणि जुळणी तुमच्याच यंत्रावर होते. जुळले नाही, तर तो पासवर्ड या संग्रहात नाही, एवढेच सिद्ध होते. न उघडकीस आलेली चोरी तिथे दिसणार नाही. जुळले, तर आधी ईमेलचा पासवर्ड बदला, कारण इतर खात्यांचे पासवर्ड रीसेट करण्याच्या लिंक तिथेच येतात. मग बाकीच्या खात्यांना पासवर्ड मॅनेजरकडून वेगवेगळे पासवर्ड तयार करून घ्या आणि जुनी लॉगिन सत्रे बंद करायला विसरू नका. पासवर्ड बदलला म्हणजे आत आलेला माणूस बाहेर पडतोच, असे सगळीकडे होत नाही.