अफेक्ट की इफेक्ट? आधी शब्दाचं काम बघ

वाक्य तपासायला आलं की आधी त्या शब्दाची जागा बघ. समज, कुणी लिहिलंय: ‘द डिगिंग इफेक्टेड ट्रॅफिक ऑन कर्वे रोड.’ कर्ता डिगिंग, कर्म ट्रॅफिक, म्हणजे मधला शब्द क्रियापद. अर्थ ‘परिणाम केला’, म्हणून अफेक्टेड हवं. स्पेलचेकवर विसंबू नकोस, कारण इफेक्टेड हाही खरा शब्द आहे. त्याचा अर्थ ‘घडवून आणलं’. खोदाईने वाहतूक घडवून आणलेली नाही.

‘हॅड अ बॅड इफेक्ट ऑन ट्रॅफिक’ असेल तर मात्र नाम, तिथे इफेक्टच बरोबर. मधल्या विशेषणाने गोंधळ होतो, तेव्हा ‘बॅड’ झाकून वाच. आणि ‘इफेक्टेड अ चेंज’ दिसलं तर हात लावू नकोस. तिथे बदल खरंच घडवून आणलाय.