गर्दी पाहून सोनं विकावं का? वाचकांची प्रश्नोत्तरं

गूगल ट्रेंड्सवर सोन्याचा आकडा 100 दिसतोय. म्हणजे भाव शिखरावर आला असं समजायचं का? (एक वाचक, सांगली)

नाही. हा आकडा गूगलवरच्या शोधाचा आहे, भावाचा नाही. तुम्ही निवडलेल्या काळात आणि प्रदेशात ज्या आठवड्यात सर्वांत जास्त शोध झाला, त्याला 100 धरतात आणि बाकीचे आकडे त्याच्या प्रमाणात मांडतात. पुढच्या महिन्यात शोध दुप्पट झाला तर आजचा 100 आपोआप 50 होईल. शिखर कुठलं होतं ते नंतर कळतं, हे जुना आलेख बघताना हमखास विसरलं जातं.

सामान्य लोकांची गर्दी सहसा चुकीच्या वेळी होते, म्हणून तिला उलटा संकेत मानतात. त्यासाठी हा आकडा वापरायचाच असेल तर नीट वापरा. नुसतं gold टाकू नका, त्यात ऑलिंपिकची सुवर्णपदकंही येतात. gold rate today टाका, प्रदेश भारत आणि काळ पाच वर्षं ठेवा, म्हणजे आठवड्याचे आकडे मिळतील. ते दर वेळी उतरवून तारखेसह जपून ठेवा. शेवटचा ठिपका अपुऱ्या आठवड्याचा असतो, तो सोडा. आकडे नमुन्यावरून काढलेले असतात, म्हणून दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी उतरवून सरासरी घ्या. आणि धनत्रयोदशीचा आठवडा गेल्या वर्षीच्या धनत्रयोदशीच्या आठवड्याशीच ताडा, कारण तिथीप्रमाणे तो कधी ऑक्टोबरात येतो, कधी नोव्हेंबरात. सणाची गर्दी दर वर्षी असते. तिच्यापेक्षा वर जे उरेल, तेवढंच मोजायचं.

जुलै 2024 च्या अर्थसंकल्पानंतर सराफांकडे झुंबड उडाली होती. तरी भाव पुढे वाढलाच. असं का? (एक गृहिणी, जळगाव)

आयात शुल्क 15 वरून 6 टक्क्यांवर आलं होतं. लोक सवलत घ्यायला गेले होते, तेजीच्या मागे धावत नव्हते. अशी गर्दी या हिशेबात धरूच नये.

एप्रिल 2013 मध्ये भाव कोसळल्यावर सामान्य लोकांनी सोनं उचललं आणि चार महिन्यांत कमावलं. मग गर्दी चुकते, असं तुम्ही कशावरून म्हणता? (एक निवृत्त शिक्षक, कोल्हापूर)

या एका उदाहरणाचे अर्धवट दाखले इतके फिरतात की ते पूर्ण मांडायलाच हवं.

12 आणि 15 एप्रिल 2013 या व्यवहाराच्या लागोपाठच्या दोन दिवसांत सोनं औंसामागे सुमारे 200 डॉलरनी पडलं. भाव 1,400 डॉलरच्या खाली आला आणि मुंबईच्या झवेरी बाजारापासून हाँगकाँगपर्यंत दुकानांत गर्दी उसळली. अमेरिकी टांकसाळीला छोट्या, एक दशांश औंसाच्या नाण्यांची विक्री थांबवावी लागली. सोन्याबद्दलचे शोधही तेव्हा वाढले. शोध चढत्या भावात वाढतो, तसा पडत्या भावातही वाढतो. तो लोकांचं लक्ष किती आहे ते सांगतो, दिशा सांगत नाही. म्हणून शोधाच्या आकड्याशेजारी त्या आठवड्यात भाव चढला की उतरला हे लिहिलंच पाहिजे. चढत्या भावातली झुंबड म्हणजे संधी हुकण्याची भीती. पडत्या भावातली झुंबड म्हणजे 'स्वस्तात मिळतंय' ही खात्री. दुसरीचा अर्थ एवढाच, की लोकांनी अजून आशा सोडलेली नाही, आणि आशा शिल्लक असताना तळ सहसा लागत नाही.

तसंच झालं. जूनअखेर भाव 1,200 डॉलरच्या खाली गेला आणि डिसेंबर 2015 मध्ये 1,050 च्या आसपास आला. एप्रिलच्या गर्दीतल्या डॉलर खरेदीदाराचं सुमारे पाव भांडवल अडीच वर्षांत गेलं.

मग तुमचे चार महिने? एप्रिलमध्ये आपल्याकडे 10 ग्रॅम साधारण 26 हजारांना मिळत होतं, ऑगस्टअखेर ते 33 हजारांपलीकडे गेलं. पण डॉलरमधला भाव या दोन्ही वेळी जवळपास सारखाच होता, 1,400 च्या आसपास. वाढला तो डॉलर: 54 रुपयांवरून 68 वर. शिवाय आयात शुल्क त्याच काळात 6 वरून 8 आणि मग 10 टक्के झालं. फायदा रुपया घसरल्याचा आणि कर वाढल्याचा होता, गर्दीच्या शहाणपणाचा नव्हे. 2015 च्या अखेरीस तेच सोनं पुन्हा 25 हजारांच्या आसपास होतं.

म्हणजे संकेत डॉलरमध्ये खरा ठरला आणि रुपयात जवळजवळ पुसला गेला. ज्याची कमाई आणि खर्च रुपयांत आहे, त्यानं केवळ गर्दी पाहून निर्णय घेतला तर तो नकळत रुपयावर आणि अर्थमंत्रालयावर पैज लावतो. तुमच्याकडच्या सोन्याचं प्रमाण किती असावं, हे सेबी-नोंदणीकृत सल्लागाराकडून एकूण मालमत्ता दाखवून ठरवून घ्या.

ऑक्टोबर 2025 मध्ये रांगा दिसल्या आणि लगेच भाव पडला. पुढच्या वेळी रांगा दिसल्या की सगळं विकू का? (एक वाचक, ठाणे)

सगळं विकू नका. 20 ऑक्टोबरला भाव 4,380 डॉलरपर्यंत गेला होता, दुसऱ्या दिवशी एकाच दिवसात 5 टक्क्यांहून जास्त पडला आणि आठवडाभरात 4,000 च्या खाली आला. संकेत बरोबर निघाला, पण घसरण सुमारे 11 टक्क्यांवर थांबली आणि डिसेंबर संपण्यापूर्वी जुना उच्चांक मोडला. त्या 11 टक्क्यांतून सराफाची वजावट, परत घेतानाचा 3 टक्के जीएसटी आणि कर काढा. सोनं 24 महिन्यांपेक्षा कमी काळ ठेवलं असेल तर नफा तुमच्या उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणे करपात्र होतो. त्याहून जास्त ठेवलं असेल तर 12.5 टक्के. हातात फारसं काही उरत नाही, आणि तेही नेमक्या त्या आठवड्यात परत घेतलं तरच.

शिवाय या तेजीमागे केवळ रांगेतले लोक नव्हते. मध्यवर्ती बँकांनी 2022, 2023 आणि 2024 या तिन्ही वर्षांत प्रत्येकी 1,000 टनांहून जास्त सोनं घेतलं. त्या गूगलवर भाव शोधत नाहीत. मोठा खरेदीदार असा असतो तेव्हा किरकोळ गर्दीवरून शिखर ओळखता येत नाही. झुंबड दिसली तर नवी एकरकमी खरेदी लांबवा, मासिक खरेदी चालू ठेवा. विकण्याआधी आपल्या सीएकडून कराचा हिशेब करून घ्या.

'मागणी विक्रमी, आजच डिजिटल सोनं बुक करा' असे संदेश अ‍ॅपवर रोज येतात. ही मागणी खरी मानावी का? (एक विद्यार्थिनी, नाशिक)

विकणाऱ्यानं सांगितलेली मागणी म्हणजे जाहिरात. 'भाव एवढे लाख होणार' म्हणणारा फिरता संदेशही त्याच लायकीचा. असं डिजिटल सोनं सेबीच्या नियंत्रणात येत नाही, असा इशारा सेबीनं नोव्हेंबर 2025 मध्ये दिला आहे.

मागणी स्वतः तपासायची असेल तर हा हिशेब करा. औंसाचा डॉलर भाव एका औंसातल्या 31.1035 ग्रॅमनं भागा, 10 नं आणि रुपयाच्या दरानं गुणा, मग त्या दिवशीचं आयात शुल्क आणि जीएसटी चढवा. समजा 4,000 डॉलर, 88 रुपये, 6 आणि 3 टक्के: 10 ग्रॅमला सुमारे 1,23,560 रुपये. बाजारात 24 कॅरेटची लगड करासह याहून बरीच महाग असेल, तर माल कमी आणि घेणारे जास्त आहेत. ती स्वस्त मिळत असेल तर गर्दीची बातमी पोकळ आहे. लोक खिशातून किती जास्त मोजताहेत हे यात दिसतं, म्हणून शोधाच्या आकड्यापेक्षा माझा यावर जास्त भरवसा आहे. दागिन्याच्या भावावर मात्र हा हिशेब लावू नका, मजुरीनं तो बिघडतो.

फेब्रुवारीत मुलीचं लग्न आहे. गर्दी ओसरेपर्यंत थांबू का? (एक आई, सोलापूर)

नाही. तारीख ठरलेली आहे. लागणारं वजन तीन-चार हप्त्यांत, हॉलमार्क पाहून घ्या.

झुंबड दिसली की एमसीएक्स या वायदे बाजारात गोल्ड मिनीचा सौदा विकून ठेवायचा विचार आहे. चालेल? (एक तरुण वाचक, पुणे)

अजिबात नको. एक सौदा 100 ग्रॅमचा. 10 ग्रॅम 1,20,000 धरले तर तो 12 लाखांचा होतो, आणि भाव 5 टक्के चढला की 60 हजारांची भर त्याच दिवशी खात्यात घालावी लागते. झुंबड सुरू झाल्यावरही भाव कित्येक आठवडे चढत राहू शकतो. नंतर तुमचं म्हणणं खरं ठरलं तरी तोवर दलालानं सौदा कापलेला असेल. हे पैसे कुठून आणणार, ते सल्लागारासमोर कागदावर लिहून दाखवा. त्याआधी सौदा करू नका.