नाव बदललं, तरी गावाला बाई कळते

ताई, मी नाशिकच्या एका समुपदेशन केंद्रात काम करते. एका दिवाळी अंकाने आमच्या कामावर लेख मागितला. मी निफाड तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदाराच्या बायकोवर लिहिलं. ऐन गोडी छाटणीनंतर नवरा लांबलेल्या आजारपणात गेला, कर्ज मागे राहिलं. तेराव्याच्या आत तिला बागेत उतरावं लागलं. दोन मुली, दिराशी वाटणीचा वाद. आता ती स्वतः ट्रॅक्टरवर बसून फवारणी करते. एकदा ती मला म्हणाली, "मॅडम, ते गेले त्या रात्री मला गाढ झोप लागली." लेखात तिचं नाव 'सविता' केलंय. मैत्रिणीला व्हॉट्सॲपवर वाचायला पाठवला, तर तिने लगेच विचारलं, "ही अमक्या गावची ना?" लेख देऊ की नको?
— एक समुपदेशक, नाशिक

आहे तसा देऊ नका. आणि हे वाचून होताच त्या मैत्रिणीला फोन करा. लेख तिच्या मोबाइलमधून काढून टाकायला सांगा, तिने पुढे कुणाला पाठवला का ते विचारा, आणि जे घडलं ते तुमच्या केंद्रप्रमुखांच्या कानावर घाला. एका माणसापुरती का होईना, ओळख उघडी पडली आहे. ते लपवून ठेवलंत, तर उद्या दुसरीकडून कळेल आणि तुमच्याबरोबर केंद्रावरचाही विश्वास जाईल.

इतर वाचकांसाठी एक खुलासा. वर छापलेल्या पत्रातला तालुका, नातेसंबंध आणि त्या बाईंचं वाक्य, हे सगळं मी पत्रलेखिकेशी बोलून बदललं आहे. पीक तेवढं ठेवलं, कारण पुढचं बोलणं त्याच्यावाचून होणार नाही.

आता मैत्रिणीने कशावरून ओळखलं ते पाहू. निफाड तालुक्यात द्राक्षबागायतदार हजारोंनी आहेत. अकाली नवरा गेलेल्या बायका गावोगावी आहेत. दोन मुली असणं, दिराशी वाटणीवरून बिनसणं, यात विशेष काही नाही. पण हे सगळं एकाच बाईच्या वाट्याला आलं आणि वर ती स्वतः ट्रॅक्टर चालवून फवारणी करते म्हटलं, की पंचक्रोशीत एकच बाई उरते. ओळख बहुतेक वेळा अशी तपशिलांच्या बेरजेतून होते. कायद्यालाही हे माहीत आहे. बालकांच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२च्या पॉक्सो कायद्याचं कलम २३ वाचा. माध्यमांत जे उघड करायचं नाही त्यात नाव, पत्ता आणि फोटोबरोबर कुटुंबाची माहिती, शाळा, शेजार आणि ओळख पटू शकेल असा कोणताही तपशील, असं सगळं मोजून सांगितलं आहे. तुमची अशील सज्ञान आहे, तिला हे कलम लागू नाही. पण लिहिणाऱ्यासाठी त्यातली यादी फार कामाची आहे.

तरीही खरी इजा ओळखण्यापाशी संपत नाही. तिचा नवरा गेला, बाग तिने धरली, हे गावाला माहीतच आहे. गाढ झोपेचं वाक्य मात्र तिने फक्त तुमच्या खोलीत, दार लावून उच्चारलं. गावाला ठाऊक असलेल्या गोष्टींवरून वाचक तिला ओळखणार आणि मग ते वाक्य तिच्या नावावर जमा होणार. वाटणीच्या भांडणात दीर तेच वाक्य चावडीवर वापरेल. नवऱ्याच्या आजारपणात महिनोन्महिने जागून काढलेल्या बाईला त्या रात्री झोप लागली असेल, हे तुम्ही समजू शकता. गाव ते समजून घेईलच असं नाही.

म्हणून मसुदा कागदावर काढा आणि दोन रंगांची पेनं घ्या. गावाला माहीत असलेलं एका रंगाने अधोरेखित करा, फक्त तुम्हाला सांगितलेलं दुसऱ्या रंगाने. मग पहिल्या रंगाचा एकेक तपशील घेऊन स्वतःला विचारा: हा काढला तर मी जे सांगते आहे ते कोसळतं का? तुमच्या लेखाचा गाभा मला असा दिसतो, की छाटणी झालेली बाग तेरा दिवस थांबत नाही. वेलीचे डोळे फुटायला लागले आणि ढगाळ हवा आली, की डावणी रोगाच्या भीतीने फवारणी करावीच लागते. एक दिवस चुकला तर वर्षाचं पीक हातचं जातं. त्यामुळे या बाईला रडायलाच सवड मिळाली नाही आणि महिन्यांनंतर ते दुःख पाठदुखी, चिडचिड असं काहीतरी होऊन बाहेर आलं. हे सांगायचं तर द्राक्ष हवंच. द्राक्षाच्या जागी कांदा घातलात तर बाई लपेल, पण दुःख का लांबलं याचं कारणही नाहीसं होईल. याउलट निफाड, ट्रॅक्टर, मुली किती, भांडण कुणाशी, यांतलं काहीच या कारणासाठी लागत नाही. निफाडऐवजी नुसतं 'द्राक्षपट्टा' म्हणा. तिथे तासगाव लिहू नका, नाहीतर तिकडची कुणी दुसरीच बाई लोकांच्या नजरेत येईल. ट्रॅक्टरचा मोह सोडा. 'बागेचं सगळं आता तीच पाहते' एवढं पुरे. जात किंवा धर्म बदलून ओळख लपवायच्या फंदात अजिबात पडू नका. त्याने एका समाजाबद्दल खोटं लिहिलं जातं.

दोन-तीन अशिलांचे अनुभव मिसळून एक व्यक्ती उभी केलीत तरी चालेल, पण मग तसं लेखात स्पष्ट सांगा आणि 'सत्यकथा' हा शब्द कुठेही येऊ देऊ नका.

आता राहिलं ते झोपेचं वाक्य. मला कळतं, लेखाचा जीव त्यातच आहे. पण ते तिचं आहे. तिचं समुपदेशन अजून चालू असेल तर परवानगी विचारायलाच जाऊ नका. जिने तुमच्यापाशी मन मोकळं केलं ती 'नाही' कशी म्हणेल? "मॅडम, तुम्हाला बरं वाटेल तसं करा" म्हणेल, आणि ती परवानगी नव्हे. काम संपून बराच काळ लोटला असेल तर केंद्रप्रमुखांना सांगून, शक्यतो त्यांच्यामार्फतच विचारा. पूर्ण लेख तिच्या हातात द्या, वाचता येत नसेल तर शब्दन् शब्द वाचून दाखवा. अंक छापून येईल, तो इंटरनेटवरही पडेल आणि मुली मोठ्या झाल्यावर वाचतील, हे तिला सांगा. नकार दिला तरी केंद्राचं दार उघडंच राहील, हेही सांगा. उत्तरासाठी आठवडाभर तरी द्या, आणि हो म्हणाली तर लेखी घ्या. तरीही लक्षात ठेवा, ती स्वतःपुरतीच परवानगी देऊ शकते. सासू आणि दीर यांच्या वतीने नाही.

ती नाही म्हणाली, किंवा विचारण्यासारखी वेळ नसली, तर ते वाक्य वगळा आणि त्या जागी स्वतःला आणा. पाठदुखीची तक्रार घेऊन आलेल्या बाईला पहिल्या भेटीत बागेबद्दल काय विचारायचं, सुतकातल्या फवारणीचा विषय निघाला की तुम्ही किती वेळ गप्प बसता, कुठला प्रश्न मुद्दाम पुढच्या भेटीवर ठेवता, हे सगळं तुमचं आहे आणि ते लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. असा लेख मी तरी आजवर फारसा वाचलेला नाही.

संपादकांना मुदत वाढवून मागा. लेख पाठवताना त्यांच्याकडून तीन गोष्टी लेखी घ्या: शीर्षक आणि उपशीर्षक तुम्हाला दाखवल्याशिवाय जाणार नाही, बागेत उभ्या असलेल्या कुठल्याही खऱ्या बाईचा फोटो लागणार नाही आणि लेखाखाली तुमच्या केंद्राचं नाव व भाग येणार नाही. तुम्ही अंबडला बसता की पंचवटीत, यावरून तुमच्याकडे कुठल्या बाजूच्या बायका येतात हे नाशिककराला लगेच कळतं.