राखीव प्रश्न खिशात ठेवा, मग समारोप हातातून सुटत नाही

प्रश्न: पोळा झाला की आमच्या गावात कपाशीवर शेतकरी सभा ठेवली आहे, गुलाबी बोंडअळीचा विषय. बोलणारा मी एकटाच, वेळ पाऊण तास. भाषण लिहून झालं, पण मधात प्रश्नोत्तरं घ्यायची आहेत. मागच्या सभेत प्रश्न सुरू झाले ते आवरलेच नाहीत, लोक उठून गेले अन् शेवटचं बोलायचं राहूनच गेलं. स्क्रिप्टमध्ये प्रश्नोत्तरं कशी लिहावी, अन् तिथून शेवटाकडे कसं वळावं?

उत्तर:

भाऊ, तुमचं लिहिलेलं भाषण थोडा वेळ बाजूला ठेवा आणि कोऱ्या कागदावर आधी समारोप लिहा. प्रश्नोत्तरं कुठे थांबवायची हे समारोपावरून ठरतं, आणि तो पक्का नसेल तर वळायला जागाच सापडत नाही. समारोपात एकच काम सांगा. कपाशीच्या या अवस्थेत मी हे सांगीन: उद्या सकाळी एका एकरातली वेगवेगळी २० झाडं निवडा, प्रत्येकाचं एक हिरवं बोंड तोडा, फोडून पाहा. वीसपैकी दोन बोंडांत अळी सापडली म्हणजे १० टक्के झाले, आता फवारणीचा निर्णय घ्यायचा. त्याहून कमी असेल तर पंप खाली ठेवा आणि आठवड्यानं पुन्हा पाहा. एवढंच. हे काम उभ्या माणसाला दोन मिनिटांत समजतं आणि घरी जाईस्तोवर लक्षात राहतं.

आता हे काम एका प्रश्नाचं उत्तर होईल असा तो प्रश्न बनवा: "अळी दिसली म्हणजे लगेच फवारा मारा लागते का?" हा तुमचा राखीव प्रश्न. तो स्क्रिप्टमध्ये प्रश्नोत्तरांच्या पानावर सगळ्यात खाली चौकटीत लिहून ठेवा. लोकांचे प्रश्न संपले, वेळ संपली किंवा कोणी भलतीकडे नेलं, तरी शेवटी तुम्ही तो स्वतःच विचारायचा: "मी एका प्रश्नाची वाट पाहत होतो, तो राहिला. तो मीच विचारतो अन् मीच सांगतो." त्याचं उत्तर म्हणजे समारोपाचं पहिलं वाक्य. सभेला सांधा दिसत नाही, कारण त्यांच्या कानाला ते अजून प्रश्नोत्तरच वाटत असतं.

हा प्रश्न कोणी आधीच विचारला तर? विचारतीलच. तेव्हा उत्तर देऊन मोकळं होऊ नका. म्हणा, "काका, हा प्रश्न मी शेवटी घेणार आहे, तुमच्या नावानंच घेतो." नाव कागदावर टिपा आणि शेवटी खरंच त्यांच्या नावानं सुरुवात करा. हे तर स्वतः विचारण्यापेक्षाही चांगलं जमतं, कारण त्या काकांच्या शेजारी बसलेले सगळे जागे होतात.

वेळ मिनिटांत लिहू नका, घड्याळाची लिहा. सभा संध्याकाळी साडेसातची असेल तर कागदाच्या कडेला असं हवं: ७:३० सुरुवात, ७:५५ प्रश्न, ८:०८ शेवटचा प्रश्न, ८:१० समारोप, ८:१५ उठणे. "१३ मिनिटं प्रश्नोत्तरं" असं लिहिलं तर उभ्या उभ्या हिशेब करावा लागतो आणि तो कोणालाच जमत नाही. गावातला प्रश्न विचारायलाच अर्धा-पाऊण मिनिट घेतो, कारण त्याआधी शेत किती, बियाणं कोणतं, दुकानदार काय म्हणाला हे येतं. उत्तर धरून एकाला दोन मिनिटं पकडा. म्हणजे सहा प्रश्न, फार तर सात. हे सुरुवातीलाच सांगून टाका: "सहा प्रश्न घेऊ, मग एक महत्त्वाची गोष्ट सांगून उठू." ही पुढची गोष्ट आधीच कबूल केली की लोक ती ऐकायला थांबतात.

आता जे प्रश्न हमखास येणार त्यांची पूर्वतयारी. कागदावर पाच-सहा प्रश्न लोकांच्या तोंडी येतात तसेच लिहा, पुस्तकी नाही. "कामगंध सापळे लावून फायदा का?" "दोन औषधं एकत्र मारली तर चालते का?" "फरदड ठेवली तर काय बिघडते?" प्रत्येकाखाली उत्तराच्या दोनच ओळी आणि जिथे शोभेल तिथे तिसरी ओळ समारोपाकडे झुकणारी. सापळ्यांचं उत्तर असं लिहिता येईल: एकरी दोन सापळे, सलग तीन दिवस रोज एका सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग आले तर सावध व्हा. तिसरी ओळ: "सापळा पतंग दाखवते, अळी बोंडात असते, म्हणून बोंड फोडा लागते, ते शेवटी सांगतो." फरदडीचं उत्तर दोनच ओळींचं: कापूस डिसेंबरपर्यंत आवरला नाही तर अळीला उन्हाळ्यापर्यंत खायला मिळतं आणि पुढच्या हंगामात ती आपल्याच शेतातून उठते. याची तिसरी ओळ लिहायची गरज नाही, ते उत्तर एकटंच पुरेसं आहे. सगळ्याच उत्तरांना शेपटी लावली तर लोकांना कळतं की आपल्याला ओढत नेलं जात आहे.

औषधाच्या प्रमाणाचं मात्र वेगळं. "दहा लिटरले किती टाका?" हा प्रश्न येणारच, आणि त्याचं उत्तर आठवणीतून देऊ नका. २०१७ मध्ये यवतमाळ भागात फवारणीतून विषबाधा होऊन माणसं गेली, ते गावोगाव लोकांच्या लक्षात आहे. स्क्रिप्टमध्ये इथे तुमच्यासाठी ठळक सूचना लिहा: आकडा नाही, डब्यावरचं लेबल. आणि तोंडी: "डबा घेऊन या, लेबल आपण मिळून वाचू. एका पंपात दोन औषधं तर नाहीच." सभेनंतर दोन-चार माणसं डबा दाखवायला थांबतात, ते सभेतलं काम सभेबाहेर झालेलं बरं.

विषयाबाहेरचे प्रश्न आपल्याकडे तीनच असतात: पीकविमा, हमीभाव, रानडुक्कर. यांना "हा आजचा विषय नाही" असं म्हटलं की सभा तुमच्याविरुद्ध जाते, कारण त्यांच्यासाठी तोच खरा विषय असतो. आधी कबूल करा आणि मग वाट काढा. मी असं लिहून ठेवतो: "विम्याचं खरंच जिवावर आलेलं आहे, ते मलेही माहीत आहे. पण ते माझ्या हातात नाही, बोंड फोडणं तुमच्या हातात आहे. विम्यासाठी सभा झाल्यावर बसू." पण हे म्हटलं तर खरंच बसा. एकदा शब्द मोडला की पुढच्या सभेत तोच माणूस पहिल्याच मिनिटाला उठतो.

रागाचा प्रश्न याहून अवघड. "मागच्या वर्षी तुमच्यासारखेच साहेब येऊन गेले, बोंडं सडली ती सडलीच!" अशा प्रश्नाला उत्तर नसतं. इथे पूल म्हणून त्याच्याच शब्दांतला एक धरा. "काका, बोंडं सडली म्हणता, ती कधी दिसली? तोडायच्या वेळी, नाही का? म्हणूनच म्हणतो, त्याआधी पाहू." आणि सरळ राखीव प्रश्नावर या, मधला एखादा प्रश्न राहिला तरी चालेल. राग गेल्यावर पुन्हा "अजून कोणाचा प्रश्न?" विचारलंत तर तोच राग दुसऱ्याच्या तोंडून परत येतो.

उलट अडचण शांततेची. "काही शंका असतील तर विचारा" असं म्हटलं की सगळे खाली पाहतात. त्याऐवजी हात वर करवणारा प्रश्न लिहून ठेवा: "ज्यांनी या महिन्यात एकदा तरी फवारा मारला, त्यांनी हात वर करा." हात वर झालेल्यांपैकी एकाला विचारा, "काय पाहून मारला, भाऊ?" त्याच्या उत्तरातून पुढचे दोन प्रश्न आपोआप निघतात. बाया मागच्या बाजूला बसतात आणि माईकवर येत नाहीत, पण गुलाबासारखी मिटलेली डोमकळी आधी त्यांनाच दिसते, कारण निंदण-वेचणीला त्या शेतात असतात. सभा सुरू व्हायच्या आधी चिठ्ठ्या वाटा, नाहीतर बचतगटातल्या ताईंना सांगून दोन प्रश्न तोंडी गोळा करा, आणि पहिला प्रश्न त्यातलाच घ्या. डोमकळी शेतातून तोडून नष्ट करायची असते, ही गोष्ट त्या प्रश्नामुळेच निघते.

दोन-तीन गोष्टी कागदावर नसतात पण त्यांनीच सभा फुटते. चहा. प्रश्न चालू असताना कप फिरायला लागले की ऐकणारा कोणी उरत नाही; चहावाल्याला सांगा, मी खाली बसल्याशिवाय चहा नाही. दुसरी, "धन्यवाद" हा शब्द. प्रश्नोत्तरांच्या शेवटी तो तोंडातून निघाला की लोक चपला शोधायला लागतात. तो शब्द समारोपाच्या शेवटच्या ओळीसाठी ठेवा आणि कागदावर प्रश्नोत्तरांच्या पानावर लाल पेनानं लिहून ठेवा: धन्यवाद नाही. तिसरी, अध्यक्ष. सरपंच किंवा पाहुणे प्रश्नोत्तरांनंतर "दोन शब्द" बोलायला उठले तर तुमचा समारोप मेला. त्यांचं मनोगत तुमच्या आधी ठेवा, आणि आभार मानणाऱ्याला सांगा की माझ्यानंतर एका मिनिटात आटोपायचं.

माईक फिरवू नका. हातातून हातात गेला की प्रत्येक जण भाषण करतो. तुम्ही प्रश्न ऐका, मग माईकवर तो लहान करून सांगा: "काकांचं म्हणणं असं की सापळे लावले पण पतंग आला नाही." मागच्याला ऐकू येतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्रश्न कसा मांडायचा हे तुमच्या हातात राहतं.

८:०८ ला "आता शेवटचा प्रश्न" असं म्हणा, आणि तो तुमच्या ओळखीच्या, थोडक्यात विचारणाऱ्या माणसाकडून घ्या. अध्यक्षांच्या शेजारी बसलेल्याकडून तर मुळीच नाही. उत्तर दिलं की श्वास घ्या, खिशातला राखीव प्रश्न काढा, आणि बोलत बोलत एक हिरवं बोंड हातात घ्या. दुपारीच शेतातून चार-पाच तोडून आणलेली असू द्या. "अळी दिसली म्हणजे लगेच फवारा मारा लागते का? नाही. आधी हे फोडा." ब्लेडनं तिथंच फोडून दाखवा. मग वीस झाडं, वीस बोंडं, दोनचा आकडा, आठवड्यानं पुन्हा. चार ओळी.

आणि ८:१० ऐवजी ८:१७ वाजले, लोक चुळबुळ करायला लागले, तर समारोपाची दुसरी, छोटी प्रत कागदाच्या मागे लिहिलेली असू द्या: "उद्या सकाळी वीस बोंडं फोडा, दोनात अळी दिसली तर मला फोन करा." तेवढं म्हणा आणि मग धन्यवाद.