जॅकेट खांद्याला धरून वर ओढून बघ

रविवारी ऐरोलीहून फ्लेमिंगो बघायला भाच्याला घेऊन चाललायस, म्हणून एकच गोष्ट सांगतो. बोटीवर हातात येईल ते लाइफ जॅकेट घालू नकोस. मोठ्यांचं माप छातीच्या घेरावर ठरतं, पोरांचं वजनावर. आतल्या लेबलवर किलो लिहिलेले असतात, ते आधी वाच.

मागे दिवाळे गावातून गळ टाकायला गेलो, तेव्हा माझ्या २२ किलोच्या पुतण्याला मोठ्यांचं जॅकेट मिळालं. पट्टे करकचून आवळले, दिसायला घट्टच. मग त्याला हात वर करायला लावून मी जॅकेट दोन्ही खांद्यांना धरून वर ओढलं, तर ते थेट कानापर्यंत आलं. पाण्यात नेमकं हेच होतं: जॅकेट वर तरंगतं, अंग खाली घसरतं आणि तोंड पाण्यात जातं. पट्टे आवळून मोठं माप लहान होत नाही. शेवटी २० ते ३० किलोचं मिळालं, पायांमधून जाणाऱ्या पट्ट्याचं. तो पट्टा पोरांना लावायचाच.

पट्टे लावताना आधी कमरेचा, मग वरचे. ओढल्यावर जॅकेट हनुवटीला लागता कामा नये, आणि दीर्घ श्वास मात्र घेता यायला हवा. रेनकोट घालणार असशील तर जॅकेट त्याच्यावरून.

फोम दाबूनही बघ. दाबल्यावर खड्डा तसाच राहिला, तर दुसरं माग. लोक त्यावर बसून बसून त्याची पार चटई करतात!